‘दृष्ट काढायला हवी तुमच्या सर्व्हिसची’: एका मेसेजचं प्रकरण

घरगुती पाणी शुद्धीकरण यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका सेवा केंद्रात मी काम करते. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ग्राहकांच्या मेसेजना जी मुलंमुली उत्तरं देतात, त्यांचं काम पाहणं, अडलेलं प्रकरण हातात घेणं आणि नव्यांना शिकवणं ही माझी जबाबदारी. इथे मांडते ते प्रकरण एका आठवड्यातलं आहे. त्यात उपरोध ओळखता आला नाही असं झालं नाही. तो अर्धाच ओळखला गेला, आणि त्यातून उत्तराची भाषा चुकली.

ग्राहक म्हणजे साठीच्या एक बाई. आरओचं मशीन, वर्षाचा देखभाल करार चालू. सोमवारी त्यांचा पहिला मेसेज आला: ‘मशीनमधून पाणी बारीक येतंय. कधी येताय?’ मराठीच, पण रोमन लिपीत, घाईने टाइप केलेला. आम्ही बुधवारची सकाळी १० ते १ ही वेळ दिली. बुधवारी दुपारी त्यांनी लिहिलं, ‘आज कोणी आलं नाही.’ आमच्याकडून ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे’ असं ठरलेलं उत्तर गेलं आणि शुक्रवारी ९ ते १२ ही नवी वेळ. गुरुवारी त्यांनी विचारलं, ‘उद्या नक्की ना? मला बाहेरची कामं आहेत, त्यावर ठरवते.’ आम्ही ‘हो, नक्की’ म्हटलं. हे तिन्ही मेसेज रोमन लिपीतले, बोलल्यासारखे, ‘तुम्ही’ करून लिहिलेले.

शुक्रवारी ३ वाजून ४० मिनिटांनी त्यांना आमच्या यंत्रणेतून आपोआप निरोप गेला: ‘आपण घरी उपलब्ध नसल्याने भेट होऊ शकली नाही.’ ४ वाजून २० मिनिटांनी त्यांचा मेसेज आला. या वेळी देवनागरीत, विरामचिन्हांसकट:

‘वा, छान! आज म्हणे आम्ही घरी नव्हतो. सकाळी नऊपासून दार उघडं ठेवून बसले आहे, तरी आपल्या साहेबांना आम्ही दिसलो नाही. दृष्ट काढायला हवी तुमच्या सर्व्हिसची. असाच लोभ असावा.’

२८ मिनिटांनी आमच्या मुलाने उत्तर पाठवलं: ‘नमस्कार! आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. आपण घरी उपलब्ध नसल्याने आमचे प्रतिनिधी भेट देऊ शकले नाहीत, याबद्दल क्षमस्व. आपला स्नेह असाच राहो.’ शेवटी हात जोडल्याचं आणि हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह.

५ वाजून ५ मिनिटांनी बाईंचा पुढचा मेसेज आला तो इंग्रजीत. तीन वाक्यं. तंत्रज्ञ किती वाजता आला होता ते लेखी कळवा, त्याने मला केलेल्या फोनची नोंद द्या, आणि उद्या काम झालं नाही तर मी १९१५ वर तक्रार करीन. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. ग्राहक इंग्रजीत लिहितो तर इंग्रजीत उत्तर, या आमच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या एका मुलीने इंग्रजीतला तयार दिलगिरीचा मजकूर पाठवला. मग प्रकरण माझ्याकडे आलं.

मुलाचं म्हणणं

मी आधी त्या मुलाशी बोलले. मराठवाड्यातला, घरात मराठीच, वाचन बरं. ‘दृष्ट काढणं’ हे काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही. तो म्हणाला, ‘ताई, त्या चिडल्यात हे मला कळलं होतं. पण मेसेज इतका शुद्ध होता, मला वाटलं आपणही तसंच लिहायला पाहिजे. उगाच बोलल्यासारखं लिहिलं तर अजून चिडतील.’

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. राग त्याने ओळखला होता. आम्हीच मुलांना शिकवतो की ग्राहक ज्या भाषेत आणि ज्या धाटणीत लिहील त्यात उत्तर द्या. एरवी हा नियम चांगला आहे. कोल्हापूरकडचा माणूस मोकळं लिहितो, त्याला ‘आपणांस विदित व्हावे’ असं लिहिलं तर तो अवघडतो. पण उपरोधाच्या मेसेजमध्ये धाटणी ही माणसाची स्वतःची नसते, ती त्या टोमण्यासाठी मुद्दाम घेतलेली असते. बाईंनी ‘आपल्या साहेबांना’ लिहिलं म्हणून त्यांना ‘आपण’ म्हणवून घ्यायचं नव्हतं. ‘लोभ असावा’ला ‘स्नेह राहो’ असं उत्तर गेलं, तेव्हा त्यांना ते एकतर डोकं न वापरता लिहिलेलं वाटलं असणार, नाहीतर उलट टोमणा. दुसरं जास्त वाईट.

मेसेज उलगडताना

शब्दांकडे जाण्याआधी मी फाईल उघडते. ही सवय मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. प्रश्न एकच: या कौतुकाला फाईलमध्ये काही आधार आहे का? इथे एक भेट चुकली होती, दुसरी ‘ग्राहक घरी नाही’ म्हणून बंद झाली होती, मशीन पाच दिवस तसंच. ‘वा, छान’ला लागेल अशी एकही गोष्ट आमच्या हातून घडलेली नव्हती. स्तुतीच्या आडून निंदा करण्याला आपल्याकडे शाळेतच व्याजस्तुती म्हणून शिकवतात. पण वाक्यात व्याज आहे की खरी स्तुती आहे हे वाक्य स्वतः सांगत नाही. ते प्रसंगाशी ताडूनच कळतं.

दुसरी तुलना त्यांच्याच आधीच्या मेसेजशी. सोमवार ते गुरुवार रोमन लिपी, तुटक वाक्यं. शुक्रवारी देवनागरी, पूर्णविराम, उद्गारचिन्ह, जुन्या पत्रातला समारोप. लिपी बदलणं ही एकटी खूण पुरेशी नाही, काही जणांच्या फोनवर घरातलं दुसरं कोणी टाइप करून देतं. पण लिपी, आदरार्थ आणि वाक्याची ठेवण या तिन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये वर चढल्या, तर माणूस थोडा थांबून, शब्द निवडून बसला आहे असं समजावं. मराठीत राग अनेकदा असा वर चढतो. घरातही आई ‘तू’वरून ‘आपण यावं, जेवून घ्यावं’वर आली की मुलांना कळतं काय ते.

मग मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन त्याच्या पोटातलं साधं विधान काढायचं. हे मी मुलांकडून कागदावर करून घेते.

‘वा, छान!’ यातून नाराजीखेरीज काही मिळत नाही. पुढे जायचं.

‘आज म्हणे आम्ही घरी नव्हतो.’ सगळ्या मेसेजची किल्ली इथे आहे, आणि ती ‘म्हणे’ या एका शब्दात. ‘म्हणे’ म्हणजे ऐकीव. सांगणारा त्या गोष्टीची जबाबदारी घेत नाही. ‘त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली म्हणे’ यात काही खोच नाही, बातमी दुसऱ्याकडून आली एवढंच. पण माणूस स्वतःबद्दल ऐकीव कसं बोलेल? आपण घरी होतो की नव्हतो हे दुसऱ्याकडून कळायची गरज नसते. ‘म्हणे’ जेव्हा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीला लागतं, तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुम्ही असं म्हणता, आणि ते खोटं आहे’ एवढाच उरतो. म्हणजे या वाक्यात एक आरोप आहे: तुमची नोंद खोटी आहे.

‘सकाळी नऊपासून दार उघडं ठेवून बसले आहे.’ या वाक्यात उपरोध नाहीच. ही सरळ साक्ष आहे, वेळेसकट. उपरोधाच्या मेसेजमध्ये असं एखादं सरळ वाक्य बहुधा असतं, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकं तेच सुटतं. आमच्या मुलाने उत्तरात ‘आपण घरी उपलब्ध नसल्याने’ लिहिलं, म्हणजे या साक्षीच्या तोंडावर तीच खोटी नोंद पुन्हा ठेवली. हसऱ्या चेहऱ्यापेक्षा मला ही चूक मोठी वाटते.

‘आपल्या साहेबांना आम्ही दिसलो नाही.’ तंत्रज्ञाला ‘साहेब’, आणि स्वतःला ‘मी’ऐवजी ‘आम्ही’. त्यांनी आधीच्या मेसेजमध्ये स्वतःला ‘मला’, ‘ठरवते’ असंच लिहिलं होतं. इथलं साधं विधान: माणूस आलाच नाही.

‘दृष्ट काढायला हवी’ आणि ‘असाच लोभ असावा’ ही दोन वाक्यं नवी माहिती देत नाहीत, पण तापमान सांगतात. पत्राच्या शेवटी लिहायची ‘लोभ असावा’ ही विनंती नातं चालू ठेवण्यासाठी असते. ती या जागी आली, म्हणजे बाई नातं तोडायच्या उंबरठ्यावर होत्या. पुढचा मेसेज इंग्रजीत आला तो त्यामुळेच.

सहा वाक्यांतून हाती आलं ते इतकंच: नोंद खोटी आहे, मी नऊपासून घरी होते, माणूस आला नाही. तिन्ही गोष्टी तपासता येण्यासारख्या. दिलगिरीचा शब्द लिहिण्याआधी त्या तपासायच्या होत्या, आणि कोणीच तपासल्या नव्हत्या.

मी तंत्रज्ञाला फोन केला. त्याचं आधीच्या घरचं काम लांबलं होतं, दुपारचे तीन वाजले, बाईंचं घर दुसऱ्या टोकाला. त्याच्या ॲपमध्ये भेट बंद करायला जे पर्याय येतात त्यात ‘वेळ पुरला नाही’ असा पर्यायच नाही. त्याने ‘ग्राहक उपलब्ध नाही’ दाबलं. बाईंच्या नंबरवर त्याने एकही फोन केला नव्हता, ते आमच्याच नोंदीत दिसत होतं. बाईंचा शब्द न् शब्द खरा होता.

इंग्रजीला कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं

आता भाषेचा प्रश्न. बाईंचा शेवटचा मेसेज इंग्रजीत होता, आणि तो उपरोधाचा नव्हता, स्पष्ट मागणी होती. मग उत्तर इंग्रजीत द्यायचं?

मराठी माणूस भांडता भांडता इंग्रजीवर येतो तेव्हा दोन कारणं असू शकतात. एक, आता हे कागदावर राहणार आहे, पुढे कुणाला दाखवावं लागेल, आणि अशा कागदाची भाषा इंग्रजी असते असं आपल्या मनात बसलेलं आहे. दुसरं, समोरच्याशी बोलण्यात अर्थ नाही, आता अंतरावरून व्यवहार. पहिलं कारण असेल तर इंग्रजी हवंच असतं. दुसरं असेल तर इंग्रजीत दिलेलं उत्तर ते अंतर पक्कं करतं.

बाईंच्या बाबतीत मला दोन्ही दिसली. मी एक कसोटी लावते: माणूस उपरोधाआधी, सरळ बोलत असताना कोणत्या भाषेत होता? त्या भाषेत आणि त्याच पातळीवर परत जायचं. सोमवार ते गुरुवारच्या त्या तीन साध्या मेसेजमध्ये बाई मराठीत, ‘तुम्ही’ म्हणून, थेट बोलत होत्या. उत्तर तिथे ठेवायचं. पण लेखी पुष्टी त्यांनी इंग्रजीत मागितली होती, ती त्यांच्या उपयोगाची वस्तू आहे, ती नाकारायची नाही. म्हणून मी मराठीत लिहिलं आणि खाली दोन ओळींत तारीख, चुकलेल्या भेटी आणि नवी वेळ इंग्रजीत दिली. ग्राहक पहिल्यापासून इंग्रजीत लिहीत असता तर मी पूर्ण इंग्रजीतच उत्तर दिलं असतं.

आधी फोन लावला होता. त्यांनी उचलला नाही. पुन्हा पुन्हा लावला नाही, त्यांनी लेखी मागितलं होतं.

मेसेज असा होता:

‘नमस्कार मॅडम. तुम्ही घरी होतात. आमचा माणूस आज तुमच्याकडे आला नाही आणि त्याने तुम्हाला फोनही केला नाही, हे मी आमच्या नोंदीत तपासलं. ‘ग्राहक घरी नाही’ ही नोंद चुकीची होती, ती मी काढली आहे. त्यानंतर आमच्याकडून गेलेलं उत्तरही चुकीचं होतं. त्याबद्दल माफ करा. उद्या, शनिवारी सकाळी १० ते ११ या वेळेत दुसरा तंत्रज्ञ येईल, निघण्याआधी तो तुम्हाला फोन करेल. १० वाजेपर्यंत त्याचा फोन आला नाही तर मला या नंबरवर कळवा.’

यात काय ठेवलं आणि काय टाळलं ते सांगते. पहिलं विधान ‘तुम्ही घरी होतात’ हे. त्यांचा खरा आरोप तो होता, म्हणून उत्तराची सुरुवात त्यानेच. माफी मधे, आणि नेमक्या दोन चुकांची. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ हे शब्द मी गाळले, कारण त्यात कुणाची काय चूक झाली ते कुठेच येत नाही. ‘आपण’ टाळलं. मुलं फोनवर या वयाच्या बाईंना सहज ‘काकू’ म्हणतात आणि एरवी ते गोडही लागतं, पण टोमणा खाल्ल्यावर लिहिलेलं ‘काकू’ लाडीगोडी वाटतं, म्हणून ‘मॅडम’. त्यांच्या ‘दृष्ट’ आणि ‘लोभ’ या शब्दांना हातही लावला नाही. ‘तुमचा राग समजू शकते’ असंही लिहिलं नाही. उपरोध करणाऱ्याने राग झाकलेला असतो. तो उघडा करून दाखवणं त्याला आवडत नाही, असा माझा अनुभव आहे.

सव्वासातला उत्तर आलं: ‘ठीक आहे. १० ला नको, ११ नंतर या. सकाळी बँकेत जायचंय.’

रोमन लिपीत. मराठीत. मी तो मेसेज त्या मुलाला दाखवला आणि विचारलं, काय दिसतं? तो म्हणाला, ‘ताई, त्या परत सोमवारसारख्या लिहायला लागल्या.’ उत्तर पोचलं की नाही हे ओळखायची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही. ‘धन्यवाद’ कुणीही लिहितं.

शनिवारी ११ नंतर माणूस गेला. सेडिमेंट फिल्टर गाळाने चोंदला होता, तो बदलल्यावर धार पूर्ववत झाली. अर्ध्या तासाचं काम. तंत्रज्ञाच्या ॲपमध्ये ‘वेळेअभावी भेट राहिली’ हा पर्याय घालावा म्हणून मी वरिष्ठांना लिहिलं, आणि तो काही दिवसांनी आला.

नंतरची उलटी चूक

हे प्रकरण मी सगळ्यांसमोर मांडलं, त्याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. मुलांना सगळीकडे उपरोध दिसायला लागला. ‘लय भारी सर्व्हिस राव, एका दिवसात काम झालं’ अशा मेसेजवरही एकीने मला विचारलं, हा टोमणा आहे का. फाईल उघडली तर खरंच एका दिवसात काम झालेलं होतं. माणूस खूश होता, त्याला तितक्याच मोकळेपणाने ‘बरं वाटलं ऐकून’ म्हणायचं होतं. खऱ्या कौतुकाला सावध, कोरडं उत्तर देणं हाही अपमानच.

एक मेसेज मात्र खरोखर अडला. एका वयस्कर गृहस्थांचा: ‘आपण माणूस पाठवलात, उपकार झाले. आता तरी पाणी पिता येईल.’ मेसेज हातात घेतलेल्या मुलीने त्याखाली ‘उपरोध’ अशी टीप लिहून माझ्याकडे पाठवला. तिचं कारण चांगलं होतं: ‘उपकार झाले’ आणि ‘आता तरी’. मी आधीचे मेसेज पाहिले. गृहस्थ पहिल्यापासून ‘आपण’च लिहीत होते, प्रत्येक मेसेज ‘कळावे’ने संपवत होते. म्हणजे वरची पातळी ही त्यांची रोजचीच, चढवलेली नव्हती. फाईलप्रमाणे काम पूर्ण झालं होतं, म्हणजे कौतुकाला आधार होता. पण त्याच फाईलप्रमाणे त्याला ९ दिवस लागले होते, म्हणजे ‘आता तरी’लाही आधार होता. आणि या एका मेसेजमध्ये ‘कळावे’ नव्हतं.

फोनवर आवाजातून हे क्षणात कळलं असतं. लिहिलेल्यात नाही कळत, आणि अशा वेळी ठरवून टाकायचा हट्टही करू नये. मी तिला म्हटलं, दोन्ही अर्थांनी वाचला तरी खोटा पडणार नाही असं उत्तर लिही. त्यांना अर्थ विचारत बसू नकोस. ‘तुम्ही नाराज आहात का?’ हे विचारलं आणि ते खूश असले, तर त्यांचे आभार आपण उलटे वाचले हे त्यांना कळतं.

तिने लिहिलं: ‘नमस्कार. मशीन सुरू झालं हे वाचून बरं वाटलं. काम व्हायला ९ दिवस लागले, ते याआधीच व्हायला हवं होतं. पाण्याची चव किंवा धार बदललेली वाटली तर याच नंबरवर कळवा.’ नुसते आभार नाहीत, नुसती माफीही नाही. ज्या दोन गोष्टी फाईलमध्ये होत्या त्या दोन्ही सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं उत्तर आलं. ‘चव उत्तम आहे. धारही ठीक. विलंब झाला हे आपण मान्य केलेत, बरे वाटले. कळावे.’